पंधरा टक्के सुटीसाठी किती सॅक जास्त विकाव्या लागतात? एका दुकानाचं प्रकरण

मी छोट्या दुकानांचे हिशोब पाहते. हे त्यांपैकी एका दुकानाचं प्रकरण आहे. पाठीवरच्या सॅक विकणारं दुकान, दोन भाऊ चालवतात. थोरला खरेदी आणि देणी बघतो, धाकटा काउंटरवर असतो. दुकान ओळखू येऊ नये म्हणून पैशांचे सगळे आकडे एकाच पटीने बदलले आहेत आणि चलन लिहिलेलं नाही. आकड्यांमधलं प्रमाण मात्र खरं आहे, आणि या प्रकरणात महत्त्व प्रमाणालाच आहे. भाव सगळे कर वगळून दिले आहेत.

पार्श्वभूमी

दुकानात सॅकखेरीज थोडं किरकोळ सामान असतं, पण ते विक्रीत इतकं नगण्य आहे की इथे धरलेलं नाही. सॅकचा सरासरी विक्री भाव १०००. घाऊक व्यापाऱ्याकडून ती ६८० ला येते, वाहतूक आणि हमाली नगामागे २०. म्हणजे दुकानात येऊन पडते ती ७०० ला. सेलच्या आधीच्या तीन महिन्यांत ३९२, ४०५ आणि ४०३ सॅक विकल्या होत्या. सरासरी बरोबर ४००.

दुकानाचा ठरलेला खर्च महिन्याला ८५,००० आहे. त्यात भाडं ४५,०००, मदतनिसांचे पगार ३२,००० आणि वीज, फोन वगैरे ८,०००. एक सॅक विकली काय किंवा हजार विकल्या काय, हा खर्च तेवढाच राहतो. घाऊक व्यापाऱ्याची उधारी तीस दिवसांची असते. आज उचललेल्या मालाचे पैसे पुढच्या महिन्यात द्यायचे.

जवळच एक मोठं दुकान उघडलं आणि दोघा भावांना विक्री ढासळण्याची भीती वाटू लागली. खरं तर तोवर ती ढासळली नव्हती, वरचे तीन आकडे तेच सांगतात. पण आपल्या काउंटरवरचं गिऱ्हाईक उठून समोर जाताना दिसलं की आकडे कोण बघतं? दोघांनी महिनाभर सगळ्या सॅकवर सरसकट पंधरा टक्के सूट द्यायची ठरवली. फलक, पत्रकं आणि महिन्यापुरता एक जादा मुलगा मिळून १२,००० खर्च झाले.

सेलच्या आधी त्यांनी मांडलेला हिशोब

हिशोब एका कागदावर होता आणि तो कागद त्यांनी नंतर मला दाखवला. तीन ओळी होत्या.

पहिली ओळ: सातशेची वस्तू हजारला विकतो, म्हणजे ४३ टक्के सुटतात. दुसरी: त्यातले १५ सोडले तरी २८ उरतात. तिसरी: आज चार लाखांची विक्री आहे, ती टिकवायला ८५० भावाने ४७१ सॅक विकाव्या लागतील, म्हणजे १८ टक्के जास्त. आपण ५०० चं लक्ष्य ठेवू.

या तीन ओळींमध्ये दोन चुका आहेत आणि दोन्ही मी अनेक दुकानांत पाहिल्या आहेत.

पहिली चूक टक्के कशाचे हे न पाहण्याची. ३०० ला ७०० ने भागलं तर ४३ टक्के येतात. ती घेतल्या भावावरची चढण झाली. सूट मात्र विक्री भावावर दिली जाते. १००० चे १५ टक्के म्हणजे १५०, ७०० चे १५ टक्के नव्हेत. घेतल्या भावाच्या टक्क्यांतून विक्री भावाचे टक्के वजा करता येत नाहीत. विक्री भावावर धरलं तर त्यांचं मार्जिन ३० टक्के होतं. त्यातून १५ गेले की निम्मं संपलं. ३०० सुटत होते तिथे १५० सुटणार. मग पूर्वीइतकंच सुटायला विक्री १८ टक्क्यांनी नाही, दुपटीने वाढायला हवी.

दुसरी चूक तिसऱ्या ओळीत आहे. त्यांनी टिकवायला घेतली ती उलाढाल. भाडं आणि पगार उलाढालीतून दिले जात नाहीत, माल आणि विक्रीचा खर्च वजा होऊन जे हाती राहतं त्यातून दिले जातात. ४७१ सॅक विकून गल्ल्यात चार लाख आले असते, पण त्यासाठी ७१ सॅक जास्त विकत घ्याव्या लागल्या असत्या. त्या ७१ सॅकचे सातसातशे घाऊक व्यापाऱ्याकडे गेले असते.

महिन्यात काय झालं

सेल गाजला. पहिल्या सात दिवसांत १५४ सॅक गेल्या, म्हणजे रोज २२. एरवी रोज तेरा जात असत. नंतर वेग थोडा उतरला, तरी महिन्याअखेर ५६० सॅक विकून झाल्या होत्या. लक्ष्य ५०० चं होतं. गल्ला ४,७६,०००, म्हणजे नेहमीपेक्षा १९ टक्के जास्त. धाकट्याने पुढच्या महिन्यातही सेल चालू ठेवू या असं म्हटलं. तीस दिवस तो काउंटरवर घाम गाळत होता आणि रोजचा गल्ला फुगताना बघत होता. त्याचं म्हणणं मला अजिबात अवाजवी वाटत नाही.

अडचण पुढच्या महिन्यात दिसली, घाऊक व्यापाऱ्याचं बिल आलं तेव्हा. ५६० सॅकचे आणि वाहतुकीचे मिळून ३,९२,००० द्यायचे होते. दुकानाच्या खात्यात सगळे खर्च भागवून ३,६३,८८० होते. २८,१२० कमी पडत होते.

थोरल्याचा फोन आला, "मॅडम, इतकी विक्री झाली आणि देणं भागत नाहीये. कुठेतरी पैसे गहाळ झालेत." त्याचा संशय जादा ठेवलेल्या मुलावर होता. आधी हिशोब करू, मग कोणावर बोट ठेवू, असं मी त्याला म्हटलं. तो मुलगा निर्दोष होता. एक पैही गहाळ नव्हती.

खरा खर्च धरून हिशोब

वर मी ३०० आणि १५० म्हटलं, पण ते निव्वळ मालाच्या भावावरचं आहे. सॅक विकली की आणखी दोन खर्च त्या नगाबरोबरच येतात. कार्डाने आणि मोबाइलवरून पैसे घेण्याचं शुल्क सरासरी विक्री भावाच्या २ टक्के पडतं. पिशवी आणि पॅकिंगचे नगामागे १० जातात. एरवी हे कोणाच्या लक्षात येत नाहीत, कारण ३०० च्या मानाने ते किरकोळ दिसतात. १५० च्या मानाने ते किरकोळ राहत नाहीत.

नेहमीच्या भावाला: १००० मधून ७०० माल, २० शुल्क, १० पॅकिंग. नगामागे शिल्लक २७०.

सुटीच्या भावाला: ८५० मधून ७०० माल, १७ शुल्क, १० पॅकिंग. नगामागे शिल्लक १२३.

सुटीबरोबर शुल्क तीनने उतरलं. पण माल आणि पॅकिंग तसूभर हललं नाही. सुटीचे जवळजवळ सगळे दीडशे दुकानदाराच्या वाट्यातून जातात, म्हणून शिल्लक निम्म्याहूनही खाली आली.

आता मूळ प्रश्न. नेहमीच्या महिन्यात ४०० सॅकमधून ४०० गुणिले २७०, म्हणजे १,०८,००० शिल्लक राहत असे. त्यातून ८५,००० ठरलेला खर्च गेला की भावांच्या हाती २३,०००. सेलच्या महिन्यात तेवढेच हाती राहायला हवे असतील तर १,०८,००० मध्ये सेलचे १२,००० मिळवायचे आणि १२३ ने भागायचं. उत्तर ९७६ येतं. म्हणजे १४४ टक्के जास्त विक्री. नुसतं दुकान चालू राहायला, भावांना शून्य मिळवायलासुद्धा ७८९ सॅक विकाव्या लागल्या असत्या. एरवी ३१५ व्या सॅकला दुकानाचा खर्च निघून जायचा आणि पुढची प्रत्येक सॅक घरासाठी असायची.

झाल्या ५६०. त्यांची शिल्लक ६८,८८०, त्यातून सेलचे १२,००० वजा, राहिले ५६,८८०. ठरलेला खर्च ८५,०००. फरक उणे २८,१२०, आणि बिलाला कमी पडलेली रक्कमही हीच होती. थोरल्याने दोन्ही आकडे शेजारी लिहिले आणि बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे विक्री जेवढी वाढली तेवढं आपणच भरलं."

तसंही पूर्ण खरं नाही. विक्री वाढल्यामुळे तोटा झाला नाही. वाढलेल्या प्रत्येक सॅकने १२३ दिलेच. तोटा आला तो नेहमीच्या ४०० गिऱ्हाइकांकडून, कारण त्यांनी एरवी पूर्ण भावाने घेतलं असतं आणि त्यांनाही दीडशे सोडले गेले. शुल्क कमी झालं ते धरून त्या ४०० नगांवर प्रत्येकी १४७, एकूण ५८,८०० सुटले. वाढलेल्या १६० सॅकनी १९,६८० परत आणले. सेलचा खर्च १२,०००. या तीन आकड्यांतून नेहमीच्या महिन्यापेक्षा ५१,१२० कमी असा फरक येतो. सरसकट सुटीची खरी किंमत एरवीच्या गिऱ्हाइकाकडून वसूल होते, आणि ते गिऱ्हाईक सेलच्या गर्दीत वेगळं ओळखू येत नाही.

सेलनंतरच्या महिन्यात ३३० सॅक गेल्या. नेहमीपेक्षा ७० कमी. सूट पाहून काहींनी पुढची खरेदी आधीच उरकून घेतली होती. पूर्ण भावाच्या त्या ७० सॅकचे १८,९०० धरले तर सेलची एकूण किंमत सत्तर हजारांवर जाते.

सातव्या दिवशी काय दिसत होतं

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट चुकीचा हिशोब ही नाही. चुकीचा हिशोब सात दिवसांत उघड होऊ शकत होता, ही आहे.

९७६ सॅक तीस दिवसांत विकायच्या तर रोज ३३ जायला हव्यात. दुकानात रोज साधारण ४० माणसं आत येत आणि तिघांपैकी एक घेऊन जाई. त्याच प्रमाणाने ३३ विकायला रोज शंभर माणसं यायला हवीत. सूट पाहून घेणाऱ्यांचं प्रमाण थोडं वाढेल, हे मान्य. तरी संध्याकाळच्या दोन-तीन तासांत एवढी गर्दी त्या दुकानाच्या काउंटरवर मावली नसती. म्हणजे सेल सुरू होण्यापूर्वीच, फक्त दारातून किती माणसं येतात हे मोजून, पंधरा टक्के झेपणार नाही हे कळलं असतं.

पहिल्या आठवड्यात रोज २२ सॅक गेल्या. त्यांची रोजची शिल्लक २२ गुणिले १२३, म्हणजे २,७०६. नेहमीच्या दिवशी ती ३,६०० असे. सगळ्यात चांगल्या आठवड्यातही दुकान दिवसाला नऊशे गमावत होतं. नंतर वेग उतरला तसा हा फरक चौदाशेवर गेला. सातव्या दिवशी फलक उतरवला असता तर सेलचे १२,००० बुडीतच गेले असते, पण पुढच्या तेवीस दिवसांचे सुमारे ३३,००० वाचवता आले असते.

अर्थात, महिनाभर म्हणून जाहीर केलेला सेल आठवड्यात गुंडाळला तर दुकानाचा शब्द जातो. म्हणून माझं मत असं की मुदत आधीच छोटी लावावी. सात दिवस जाहीर करून दहा करता येतात. तीसचे सात करता येत नाहीत.

दुसऱ्या वेळी समोर असलेले पर्याय

पाच महिन्यांनी भाऊ पुन्हा आले. मोठ्या दुकानात सेल लागला होता. विक्री तोवर ४०० च्या आसपास परत आली होती, पण माळ्यावर एक वेगळाच प्रश्न साठला होता: जुन्या रंगाच्या आणि जुन्या घाटाच्या ९० सॅक, वर्षाहून जास्त पडलेल्या.

आधी आम्ही वेगवेगळ्या सुटीला नेहमीइतकी म्हणजे १,०८,००० शिल्लक ठेवायला किती सॅक लागतात ते मांडलं. सेलचा वेगळा खर्च यात धरलेला नाही.

| सूट | विक्री भाव | नगामागे शिल्लक | लागणाऱ्या सॅक | किती जास्त |
|---|---|---|---|---|
| ० | १००० | २७० | ४०० | – |
| ५ टक्के | ९५० | २२१ | ४८९ | २२ टक्के |
| १० टक्के | ९०० | १७२ | ६२८ | ५७ टक्के |
| १५ टक्के | ८५० | १२३ | ८७९ | १२० टक्के |
| २० टक्के | ८०० | ७४ | १,४६० | २६५ टक्के |
| २५ टक्के | ७५० | २५ | ४,३२० | ९८० टक्के |

तक्ता पाहून धाकट्याने विचारलं, "पाचाचे पंचवीस केले, तर पाचपट जास्त लागायला हव्यात ना? हे इतकं कसं चढतं?" चांगला प्रश्न आहे. सूट एकसारख्या पायऱ्यांनी वाढते, पण भागणारी संख्या तशाच पायऱ्यांनी शून्याकडे जाते. २२१ वरून १७२ ला आलो तर फार बिघडत नाही. ७४ वरून २५ ला आलो तर शिल्लक एकतृतीयांश होते. पायरी तीच, ४९ ची. घाईच्या वेळी तोंडी अंदाज हवा असेल तर सुटीच्या टक्क्यांना मार्जिन वजा सूट या टक्क्यांनी भागावं. मार्जिन ३० आणि सूट १० असेल तर १० भागिले २०, म्हणजे निम्म्याने जास्त विक्री. तक्त्यात ५७ टक्के आहे, कारण त्यात शुल्क आणि पॅकिंग धरलं आहे. तोंडी अंदाज नेहमी सौम्यच येतो, आणि सूट मोठी असेल तर फारच सौम्य, हे लक्षात ठेवावं.

मग पर्याय. काहीच न करणं हा पहिला. मला तो पसंत होता, कारण विक्री घसरल्याचं आकड्यांत दिसत नव्हतं. पण थोरला म्हणाला, "समोर फलक आणि आमच्याकडे काहीच नाही, असं दोन हंगाम चाललं तर लोक आत यायचेच थांबतील." हे मला आकड्यांनी खोडता येत नव्हतं. विक्री घसरण्याआधी येणारी माणसं घटतात, आणि ती ते मोजत नव्हते. मी माघार घेतली.

दुसरा पर्याय, सरसकट पाच टक्के. २२ टक्के जास्त विक्री अवघड होती, पण अशक्य नव्हती. पहिल्या सेलमध्ये पंधरा टक्क्यांना ४० टक्के वाढ मिळाली होती. पाच टक्क्यांना त्याच हिशोबाने तेरा-चौदा टक्के धरायला हरकत नव्हती. म्हणजे नुसती सूट दिली तर तोटाच.

तिसरा पर्याय घाऊक व्यापाऱ्याकडून काही मिळवण्याचा. तो एकदम ५०० सॅक उचलल्या तर नगामागे ३० कमी करायला तयार झाला. मग पाच टक्के सुटीत नगामागे शिल्लक २२१ ऐवजी २५१ राहते आणि ४३१ सॅक पुरतात. सेलचा खर्च ३,००० धरला तर ४४३, म्हणजे ११ टक्के जास्त. हे आवाक्यात होतं. जोखीम अशी की ५०० पैकी उरलेला माल अंगावर पडणार. तो नेहमी खपणाराच माल होता, म्हणून ती आम्ही पत्करली.

चौथा पर्याय माळ्यावरच्या ९० सॅकचा, आणि चर्चेचा बराचसा वेळ त्यावरच गेला.

घेतल्या भावाखाली विकायचं का?

धाकट्याने जुन्या सॅक ६०० ला काढाव्यात असं सुचवलं, म्हणजे ४० टक्के सूट. थोरला तडकला. घेतल्या भावाखाली माल विकायचा नाही हा त्यांच्या वडिलांपासूनचा नियम. आणि नुकतंच पाहिलेल्या तक्त्याप्रमाणे तर चाळीस टक्के सुटीला शिल्लकच उणे येते. मग कितीही विकल्या तरी तोटाच, नाही का?

तक्ता इथे लावायचा नाही, हे समजावायला मला वेळ लागला. तक्त्यात ७०० धरले आहेत ते का? कारण नेहमीची सॅक विकली की तिच्या जागी दुसरी ७०० देऊन आणावी लागते. जुन्या सॅकच्या जागी कोणी दुसरी जुनी सॅक आणणार नाही. तिच्यासाठी दिलेले ७०० वर्षापूर्वीच गेले. ती विकली, ठेवली किंवा जाळली तरी ते परत येत नाहीत. मग आज विचार करायचा तो एवढाच: न विकता तिचे दुसरीकडे किती मिळतील? घाऊक व्यापारी अशा सॅक ३५० ला परत घेत होता. ६०० ला विकली तर शुल्क १२ आणि पॅकिंग १० जाऊन ५७८ हाती येतात. ५७८ विरुद्ध ३५०. दर नगाला २२८ जास्त.

थोरल्याने विचारलं, "मग हा तोटा नाही?" तोटा आहे, पण तो खरेदीच्या वेळी झालेला आहे. पुस्तकात तो आज दिसेल. त्याच्या वडिलांचा नियमही नेहमीच्या मालापुरता अगदी योग्य आहे, हे मी मुद्दाम सांगितलं. तसा तो आहेच.

एक धोका मात्र खरा होता. नवी सॅक ९५० ला घेणारं गिऱ्हाईक जुनी ६०० ला पाहून तिकडे वळलं तर? तेव्हा ५७८ येतात, पण नवीचे २५१ हातचे जातात, आणि ती जुनी व्यापाऱ्याला देऊन मिळाले असते ते ३५० सुद्धा. एकूण ६०१. म्हणजे वळलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकामागे २३ चं नुकसान, तर नव्याने आलेल्यामागे २२८ चा फायदा. हे प्रमाण पाहून आम्ही धोका घेतला. जुन्या सॅक काउंटरपासून दूर, दाराशी वेगळ्या मांडणीत ठेवायच्या ठरलं.

काय केलं आणि काय झालं

सेल दहा दिवसांचा जाहीर केला, पुढे वाढवून महिन्याअखेरपर्यंत नेला. नव्या सॅकवर पाच टक्के, जुन्यांवर चाळीस. रोज रात्री धाकटा तीन आकडे वहीत लिहायचा: किती माणसं आत आली, किती नव्या गेल्या, किती जुन्या गेल्या.

नव्या ४५५ गेल्या. शिल्लक १,१४,२०५, सेलचे ३,००० वजा जाऊन १,११,२०५. नेहमीपेक्षा ३,२०५ जास्त. पुढच्या महिन्यात ३८५ गेल्या, पंधरा कमी, म्हणजे ४,०५० ची घट. स्वस्तात उचललेल्या ५०० पैकी उरलेल्या ४५ सॅक त्या महिन्यात पूर्ण भावाने गेल्या आणि नगामागे ३० प्रमाणे १,३५० त्यातून मिळाले. दोन महिन्यांची गोळाबेरीज: ५०५ जास्त. म्हणजे नव्या मालावरच्या सुटीतून फायदा जवळजवळ शून्य. थोरल्याला हवं होतं ते मात्र मिळालं. आत येणारी माणसं रोज ४० वरून ४८ वर गेली आणि पुढच्या महिन्यातही ४३ राहिली.

पैसा आला तो माळ्यावरून. जुन्या ७१ सॅक गेल्या आणि ४१,०३८ रोख हाती आले. व्यापाऱ्याला परत दिल्या असत्या तर त्याच ७१ चे २४,८५० मिळाले असते. उरलेल्या १९ त्यालाच दिल्या. त्या महिन्याचं बिल वेळेवर भागलं.

आज पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या सेलबद्दल वर बोललेच आहे. दुसऱ्या वेळच्या तीन गोष्टी मी बदलेन.

व्यापाऱ्याशी ५०० वर सौदा केला तो घाईत. ४५० वर २५ कमी मागितले असते तर कदाचित मिळाले असते आणि माल अडकण्याची जोखीम उरली नसती. आम्ही विचारलंच नाही.

पाच टक्के सूट सगळ्यांना दिली, तिथेही जुनीच चूक लहान प्रमाणात झाली. ४०० नेहमीच्या गिऱ्हाइकांना जवळजवळ पन्नास-पन्नास सोडले. घरात दोन सॅक लागणारी मंडळी बरीच येतात. सूट दुसऱ्या सॅकवर ठेवली असती तर एक घेणाऱ्याकडून पूर्ण भाव आला असता. दुसऱ्या सॅकवर दहा टक्के म्हणजे दोन सॅकच्या जोडीवर १०० सुटतात आणि शिल्लक ५४० ऐवजी ४४२ राहते. एरवी एकच घेऊन गेला असता त्या गिऱ्हाइकाकडून २७० ऐवजी ४४२ आले असते. एरवीही दोन घेणाराच असेल तर ९८ जातात. म्हणजे दर वेळी १७२ मिळवायला किंवा ९८ गमवायला तयार राहायचं. शंभर जोड्यांपैकी ३७ तरी खरोखर नव्या असतील तर हे परवडतं. आज येणाऱ्यांपैकी किती जण दोन घेतात हे बिलांवरून महिनाभर मोजलं की निर्णय घेता येईल. ती मोजणी आता चालू आहे.

तिसरी गोष्ट, जुन्या सॅक घेणाऱ्यांपैकी किती जण नवी घ्यायला आले होते हे विचारून लिहून ठेवायला हवं होतं. धाकट्याच्या अंदाजाने दहा-बारा. तेवढे धरले तर नुकसान अडीचशेच्या आसपास. पण हा अंदाज त्याच्या आठवणीतला आहे, वहीतला नाही, आणि पुढच्या वेळी माळ्यावर ९० ऐवजी २०० सॅक असतील तर आठवणीवर भागणार नाही. म्हणून वहीत आता चौथा रकाना आखला आहे.